विश्लेषण : फुटबॉलपटूची जांघ नेमकी कुठे दुखते?

कोल्हापुरातला शाहू स्टेडियमवरचा सामना असो, गोव्यातल्या गावच्या मैदानावरचा असो की मुंबईतल्या कूपरेजवरचा, एक दृश्य सगळीकडे सारखे दिसते. विंगवरून धावणारा खेळाडू अचानक थांबतो, कमरेत वाकतो आणि मांडीच्या मुळाशी हात धरतो. बाकावरून कुणी तरी ‘नस चढली’ म्हणतो, स्प्रे मारला जातो, दोन आठवड्यांची विश्रांती सांगितली जाते. दोन आठवड्यांनी तो परत येतो आणि तिसऱ्या सामन्यात पुन्हा तिथेच हात धरून उभा राहतो. मग एमआरआय काढला जातो. अहवालात तीन-चार अवघड नावे येतात. त्यांतले नेमके कोणते दुखते आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

जांघेच्या दुखण्यात खेळाडूचा हंगाम वाया जातो, त्याचे मूळ अनेकदा या उलट्या क्रमात असते. आधी यंत्र आणि मग हात, असा तो क्रम. खरे तर स्नायू, खुबा आणि जघनास्थी ही तीन प्रमुख कारणे वेगळी करण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांच्या, ठरलेल्या पायऱ्यांच्या तपासणीने बरेचसे होते. ती तपासणी काय असते, तिच्या मर्यादा काय, आणि ती टाळल्यास काय घडते, हे समजून घेऊ.

तीन कारणे एकमेकांत का मिसळतात?

पोट आणि मांडी जिथे जुळतात ती घडी म्हणजे जांघ. तिथे हाताच्या तळव्याएवढ्या जागेत बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. अगदी मध्यभागी कमरेच्या हाडांचे डावे आणि उजवे टोक एका कूर्चेने जोडलेले असते. हा जघनसांधा. त्याच्या लगत, किंचित खाली आणि बाहेरच्या बाजूला, मांडी आत ओढणाऱ्या स्नायूंचे म्हणजे अॅडक्टर स्नायूंचे कंडरे हाडाला चिकटतात. वरून पोटाचा सरळ स्नायू त्याच हाडावर येऊन टेकतो. आणि या सगळ्याच्या बाहेरच्या अंगाला, खोलवर, खुब्याचा सांधा असतो.

फुटबॉलमध्ये या सगळ्यांवर एकाच वेळी भार येतो. पायाच्या आतल्या बाजूने चेंडू मारताना मारणारा पाय आधी मागे आणि बाहेर जातो. त्या क्षणी अॅडक्टर स्नायू ताणलेल्या अवस्थेत जोर लावत असतो. पुढच्या क्षणी तोच पाय वेगाने आत खेचला जातो. दुसऱ्या पायावर सगळे शरीर तोललेले असते आणि जघनसांध्यावर दोन्ही बाजूंनी ओढ बसते. वेगात दिशा बदलताना हेच पुन्हा घडते. म्हणून युरोपातील व्यावसायिक क्लबांच्या दीर्घकालीन नोंदींत खेळ थांबवणाऱ्या दुखापतींपैकी सुमारे १४ टक्के खुबा आणि जांघेच्या आढळल्या. त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक अॅडक्टरच्या होत्या.

गोंधळाचे दुसरे कारण मज्जातंतूंत आहे. अॅडक्टर स्नायूंना जो मज्जातंतू जातो, त्याच्याच शाखा खुब्याच्या सांध्यालाही जातात. त्यामुळे बिघाड सांध्यात असला, तरी दुखणे मांडीच्या आतल्या बाजूला, क्वचित गुडघ्यातही जाणवते. खेळाडू प्रामाणिकपणे ‘इथे दुखते’ म्हणतो, पण दुखण्याचा उगम तिथेच असतो असे नाही.

एकाच दुखण्याला इतकी नावे का होती?

बराच काळ या क्षेत्रात नावांचाच घोळ होता. एक डॉक्टर ‘स्पोर्ट्स हर्निया’ म्हणे, दुसरा ‘ऑस्टायटिस प्युबिस’, तिसरा ‘ग्रॉइन स्ट्रेन’. स्पोर्ट्स हर्निया असे लिहिलेल्या रुग्णांत प्रत्यक्षात हर्निया नसे. ऑस्टायटिस म्हणजे हाडाचा दाह, पण तसा दाह असल्याचा पुरावा नसे. नाव बदलले की उपचार बदलत, आणि एका देशातला अभ्यास दुसऱ्या देशातल्या रुग्णाला लावता येत नसे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे १४ देशांतील २४ तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी वर्गीकरणाची एक सोपी पद्धत मान्य केली. ती दोहा करार म्हणून ओळखली जाते. तिचा गाभा असा की, नाव स्कॅनवरून नव्हे, तर तपासणीत काय सापडले त्यावरून द्यायचे. दुखणे अॅडक्टरशी संबंधित, जघनास्थीशी संबंधित, खुबा वाकवणाऱ्या इलिओसोआस स्नायूशी संबंधित किंवा जांघेच्या वरच्या नलिकेशी संबंधित, असे चार गट झाले. खुब्याच्या सांध्याशी संबंधित दुखणे हा वेगळा गट, आणि उरलेली सर्व कारणे शेवटच्या गटात. स्पोर्ट्स हर्निया, ऑस्टायटिस प्युबिस यांसारखी जुनी नावे वापरू नयेत, असेही ठरले.

यातला ‘संबंधित’ हा शब्द मुद्दाम निवडलेला आहे. कंडरा फाटला की सुजला, हे हाताने सांगता येत नाही. पण दुखणे कोणत्या भागाभोवती फिरते आहे, हे सांगता येते, आणि उपचार ठरवायला बहुतेक वेळा तेवढे पुरते.

तपासणी कुठून सुरू होते?

ती प्रश्नांपासून आणि एका बोटापासून सुरू होते. खेळाडूला सांगायचे, एका बोटाने दाखव कुठे दुखते. ज्याचे बोट मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वरच्या टोकाला जाते, त्याच्याबाबत अॅडक्टरचा संशय पहिला. ज्याचे बोट मध्यभागी हाडावर जाते, त्याच्याबाबत जघनास्थीचा. आणि ज्याला एक बोट ठेवताच येत नाही, जो अंगठा मागे आणि बोटे पुढे करून खुब्याला पंजाने कवेत घेतो आणि ‘आत खोल दुखते’ म्हणतो, त्याच्या सांध्याकडे पाहायला हवे.

मग दुखणे कधी वाढते ते विचारायचे. अॅडक्टरचे दुखणे चेंडू मारताना आणि झटक्यात वळताना जाणवते. सकाळी ते आखडलेले असते, सरावात अंग तापले की कमी होते आणि संध्याकाळी पुन्हा डोके वर काढते. खुब्याचे दुखणे खेळाबाहेरही दिसते. बराच वेळ बसल्यावर, खोल बसून बुटाची नाडी बांधताना, रिक्षातून किंवा मोटारीतून उतरताना ते जाणवते. कधी सांध्यात ‘कट’ आवाज येतो किंवा काही अडकल्यासारखे वाटते.

याच टप्प्यावर धोक्याच्या खुणा विचारून घ्यायच्या असतात. रात्री झोपेतून जागे करणारे दुखणे, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, एका पायावर उडी मारताच खुब्यात उठणारी तीव्र कळ किंवा लंगडत चालणे, यांपैकी काही असेल, तर पुढच्या पायऱ्या थांबवून आधी डॉक्टरांकडे जायचे. मांडीच्या हाडाच्या मानेला भाराने पडलेली बारीक चीर सुरुवातीला जांघेच्या लचकेसारखीच वाटते. ती ओळखली नाही आणि खेळाडू धावत राहिला, तर हाड सरकू शकते. इथे एमआरआय लगेचच हवा. आपल्याकडे खुब्याचा क्षयही विसरून चालत नाही. दहा ते सोळा वयाच्या मुलात मांडीच्या हाडाचे वाढीचे टोक सरकलेले असू शकते, आणि ते मूल बऱ्याचदा फक्त गुडघा दुखतो म्हणते. पायाला जखम असेल, तर जांघेतली दुखरी गाठ म्हणजे साधे अवधाणही असू शकते. वृषणातली गाठ किंवा दुखणे आहे का, हा प्रश्न संकोच बाजूला ठेवून विचारलाच पाहिजे.

अॅडक्टर कसा ओळखतात?

इथे दोन गोष्टी एकत्र सापडाव्या लागतात. पहिली, स्नायूने जोर लावताना दुखणे. दुसरी, त्याच जागी दाबल्यावर दुखणे.

खेळाडूला पाठीवर झोपवून पाय सरळ ठेवायला सांगतात. तपासणारा आपला हात त्याच्या दोन्ही घोट्यांच्या मध्ये धरतो आणि पाच सेकंद जमेल तितक्या जोराने दाबायला सांगतो. मग शून्य ते दहा या मापात दुखणे किती, ते विचारतो. शून्य ते दोन म्हणजे हिरवा दिवा, तीन ते पाच पिवळा, सहा आणि पुढे लाल. कोपनहेगनच्या पथकाने रूढ केलेली ही पाच सेकंदांची दाब चाचणी कोणत्याही मैदानावर, कोणत्याही यंत्राविना करता येते.

दुसऱ्या भागात गुडघा वाकवून पाय बाहेर पाडतात. त्यामुळे अॅडक्टरचा लांब कंडरा दोरीसारखा वर येतो. त्याच्यावरून बोट सरकवत वर, हाडाला तो जिथे चिकटतो तिथपर्यंत जायचे. सुरुवात नेहमी न दुखणाऱ्या बाजूने करायची, म्हणजे खेळाडूला साधा दाब आणि दुखणे यांतला फरक कळतो.

या सगळ्या तपासणीत एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो, ‘हेच का तुझे दुखणे?’ जांघ ही नाजूक जागा आहे. जोरात दाबले तर कुणालाही दुखेल. खेळाडूने ‘हो, हेच, मैदानावर होते ते’ असे म्हटले तरच ती खूण मोजायची. ओळखीचे दुखणे आणि नवे दुखणे यांतला हा भेद सुटला की सगळी तपासणी फसते.

जघनास्थी वेगळी कशी काढायची?

हे अवघड आहे, कारण जघनसांध्यासाठी स्वतंत्र अशी जोराची चाचणी नाही. दाब चाचणीत सांध्यावरही भार येतो, म्हणून केवळ ती दुखली म्हणून अॅडक्टर दोषी ठरत नाही. निवाडा बोटाने होतो. मध्यभागी, सांध्यावर आणि त्याच्या लगतच्या हाडावर दाबल्यावर ओळखीचे दुखणे उठले, तर ते जघनास्थीशी संबंधित. दोन बोटे खाली आणि बाहेर, कंडऱ्याच्या मुळाशी उठले आणि जोर लावताना तिथेच दुखले, तर अॅडक्टरशी संबंधित. दोन्हीकडे उठले तर दोन्ही लिहायचे. अंतर कमी असल्यामुळे इथे घाई चालत नाही.

वय इथे महत्त्वाचे ठरते. जघनसांध्याजवळचा वाढीचा भाग शरीरात उशिरा पक्का होणाऱ्यांपैकी आहे. विशीच्या आसपासपर्यंत तो पूर्ण जुळलेला नसतो. त्यामुळे एकाच आठवड्यात शाळेच्या, क्लबच्या आणि जिल्ह्याच्या संघातून खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलात दुखणारी जागा स्नायूपेक्षा हाडाची असण्याची शक्यता मोठ्या खेळाडूपेक्षा जास्त असते.

याच वेळी पोट आणि नलिकाही तपासून घेतात. उठून बसायचा प्रयत्न करताना किंवा खोकताना जांघेच्या वरच्या घडीत दुखते का, खरा हर्निया हाताला लागतो का, खुबा वाकवायला जोर लावताना समोर दुखते का, हे पाहण्यात दोन-तीन मिनिटे जातात.

आणि खुबा?

खुब्याची तपासणी मुख्यतः हालचालीची असते. गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवून मांडी आतल्या बाजूला फिरवायची आणि दोन्ही बाजूंची तुलना करायची. एका बाजूची हालचाल स्पष्टपणे कमी असेल आणि शेवटी खोल दुखत असेल, तर सांध्याचा संशय बळावतो. त्यानंतरची चाचणी फिजिओंमध्ये ‘फॅडिर’ या नावाने ओळखली जाते. खुबा पूर्ण वाकवून, पाय आत आणून, आत फिरवायचा.

या चाचणीचा अर्थ नीट लावावा लागतो. तिच्यात काहीच दुखले नाही, तर सांध्यात बिघाड असण्याची शक्यता बरीच कमी होते. पण दुखले, म्हणजे सांधाच बिघडला असे सिद्ध होत नाही. निरोगी खेळाडूंतही ती दुखू शकते. ती सांधा वगळण्यासाठी चांगली, पक्का करण्यासाठी कमकुवत. संशय उरलाच, तर एक्स-रे आणि पुढे एमआरआय हा क्रम योग्य ठरतो. काही वेळा सांध्यात बधिर करणारे इंजेक्शन देऊन दुखणे जाते का, तेही पाहतात.

एक उदाहरण : स्कॅन एक, हात दुसरेच सांगतात

समजावण्यासाठी रचलेले एक उदाहरण घेऊ. तालमीच्या संघातून खेळणारा बावीस वर्षांचा विंगर. उजव्या पायाने चेंडू मारतो. तीन महिने उजवी जांघ दुखते आहे. तीन आठवडे विश्रांती झाली, मालीश झाली, दुखणे गेले आणि दुसऱ्या सामन्यात परत आले. एमआरआयमध्ये दोन ओळी आल्या. जघनास्थीच्या मज्जेत सूज, आणि उजव्या मांडीच्या हाडाच्या मानेवर उंचवटा, ज्याला ‘कॅम’ म्हणतात. घरच्यांना कुणी सांगितले की खुब्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागेल.

तपासणीत तो एका बोटाने मांडीच्या आतले वरचे टोक दाखवतो. बसताना, नाडी बांधताना त्रास नाही. रात्री दुखत नाही, एका पायावर उडी मारता येते. दाब चाचणीत तो दहापैकी सात सांगतो. उजव्या कंडऱ्याच्या मुळाशी बोट टेकताच ‘हेच’ म्हणतो. मध्यभागी हाडावर दाबल्यावर थोडे दुखते, पण ‘हे वेगळे’ म्हणतो. खुबा दोन्ही बाजूंनी आत जवळपास तीस अंश फिरतो. फॅडिरमध्ये समोर ताण जाणवतो, ओळखीचे दुखणे नाही. खोकताना, उठून बसताना काही नाही. निष्कर्ष निघतो की दुखणे अॅडक्टरशी संबंधित आहे.

मग स्कॅनमधल्या त्या दोन ओळींचे काय? जघनास्थीतली सूज न दुखणाऱ्या फुटबॉलपटूंतही आढळते. ती बहुतेकदा हाडाने सोसलेल्या भाराची खूण असते. कॅमचा उंचवटाही लहानपणापासून भरपूर फुटबॉल खेळलेल्यांत सामान्य आहे, कारण वाढीच्या वयातला भार हाडाला तसा आकार देतो. म्हणूनच २०१६ च्या वॉरविक करारात तज्ज्ञांनी ठरवले की, खुब्यात हाडे घासण्याचा आजार म्हणायचा असेल तर लक्षणे, तपासणीतल्या खुणा आणि चित्र या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. केवळ चित्रावरून तो म्हणता येत नाही. या मुलात चित्र आहे, पण लक्षणे आणि खुणा नाहीत.

आता हाच मुलगा, हाच स्कॅन, पण खुणा वेगळ्या असत्या तर? दाब चाचणी दोन, कंडरा न दुखणारा, उजवा खुबा आत फक्त दहा अंश फिरणारा आणि डावा तीस, फॅडिरमध्ये ‘आत खोल, हेच’, आणि मोटारीतून उतरताना त्रास. मग तोच कॅमचा उंचवटा महत्त्वाचा ठरला असता आणि खुब्याच्या तज्ज्ञाकडे जाणे योग्य ठरले असते. आणि ओळखीचे दुखणे केवळ मध्यभागी हाडावर उठले असते, तर हाडाची सूज ही ओळ अर्थपूर्ण झाली असती. म्हणजे स्कॅन बदलला नाही, त्याचा अर्थ मात्र तपासणीने तीनदा बदलला.

वर्गीकरण बदलल्याने उपचारात काय फरक पडतो?

अॅडक्टरच्या दुखण्यात विश्रांती हा उपचार नाही, हे वर्गीकरणाइतकेच महत्त्वाचे आहे. डेन्मार्कमध्ये पेर होल्मिक आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दीर्घकाळ जांघ दुखणाऱ्या खेळाडूंच्या एका गटाला मालीश, लेझर, विजेची उत्तेजना आणि ताण देणे हे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला आठ ते बारा आठवडे जोराचा व्यायाम मिळाला. सुरुवात अगदी साधी होती. घोट्यांमध्ये आणि गुडघ्यांमध्ये फुटबॉल धरून तीस सेकंद दाबायचा, दहा वेळा. व्यायामाच्या गटातले २९ पैकी २३ जण दुखण्याविना पूर्वीच्याच पातळीवर खेळू लागले. दुसऱ्या गटातले ३० पैकी फक्त चार.

आपल्या विंगरला विश्रांतीने बरे का वाटले आणि सामन्यात पुन्हा का दुखले, याचे उत्तर यात आहे. विश्रांतीत भार गेला म्हणून दुखणे गेले. पण स्नायूची भार सोसण्याची ताकद वाढली नाही, उलट घटली. त्याने तीन महिने टिकून व्यायाम करायचा, दर आठवड्याला दाब चाचणीचा आकडा वहीत लिहायचा, आणि आकडा दोनच्या आत राहिला तरच धावणे, मग वळणे, आणि सर्वांत शेवटी जोरात चेंडू मारणे या क्रमाने पुढे सरकायचे.

जघनास्थीच्या दुखण्यात आधी चेंडू मारणे आणि झटक्यात वळणे कमी करावे लागते, हाडाला सावरायला वेळ द्यावा लागतो आणि मग ताकदीचे व्यायाम हळूहळू वाढवावे लागतात. खुब्यात खोल वाकण्याचे व्यायाम आवरते घेऊन आजूबाजूचे स्नायू बळकट करतात. पुरेशा प्रयत्नांनंतरही लक्षणे राहिली, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. अॅडक्टर समजून खुब्याला, किंवा खुबा समजून अॅडक्टरला उपचार दिला, तर हंगाम जातो तो इथेच.

या तपासणीच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा ही की, गट नेहमी एकच नसतो. दीर्घकाळ दुखणाऱ्या २०७ खेळाडूंच्या होल्मिक यांच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणांत एकाहून अधिक कारणे होती. म्हणून एक खूण सापडली की तपासणी थांबवायची नाही, सगळ्या पायऱ्या पूर्ण करायच्या. दुसरी ही की, बोटाची जागा चुकू शकते. पहिल्या भेटीत शंका राहिली, तर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणे हे अपयश नव्हे. तिसरी म्हणजे, ठरवलेल्या गटाप्रमाणे सहा ते आठ आठवडे नीट व्यायाम करूनही आकडा हलला नाही, तर व्यायाम वाढवण्याआधी वर्गीकरणावर संशय घ्यायचा आणि मग स्कॅन काढायचा. तेव्हा स्कॅनला विचारायला नेमका प्रश्न असतो, आणि म्हणून त्याचे उत्तरही उपयोगी पडते.

क्लबांनी काय बदलायला हवे?

आपल्याकडच्या बहुसंख्य संघांकडे पूर्णवेळ डॉक्टर नाही आणि लगेच येणारही नाही. पण पाच सेकंदांच्या दाब चाचणीला डॉक्टर लागत नाही. प्रत्येक आठवड्याला सामन्यानंतरच्या पहिल्या सरावाआधी प्रशिक्षकाने वीस खेळाडूंचे वीस आकडे वहीत लिहिले, तर त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतील. तीनच्या वर गेलेल्या मुलाचा भार त्या आठवड्यात कमी करायचा. सहाच्या वर गेलेल्याला न खेळवता तपासणीला पाठवायचे. या चाचणीने निदान होत नाही, पण जांघ धरून मैदानाबाहेर जाण्याआधीच मुलगा नजरेत येतो.

दुसरी गोष्ट प्रतिबंधाची. जोडीदाराने धरलेल्या वरच्या पायाच्या आधारावर कडेने शरीर उचलायचा ‘कोपनहेगन’ व्यायाम नॉर्वेच्या अर्धव्यावसायिक संघांत हंगामभर करून पाहिला गेला. तो करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. त्याला जोडीदार आणि मैदान याहून काही लागत नाही.

तिसरी गोष्ट पालकांच्या आणि संघ व्यवस्थापकांच्या हातात आहे. धोक्याच्या खुणा नसतील, तर एमआरआयच्या रांगेत उभे राहण्याआधी तपासणी झाली का, असे विचारावे. तपासणीच्या कागदावर किमान तीन ओळी असाव्यात. दाब चाचणीचा आकडा, ओळखीचे दुखणे कोणत्या जागी उठले, आणि दोन्ही खुबे आत किती फिरतात. या तीन ओळी नसलेल्या कागदावर शस्त्रक्रियेचा सल्ला लिहिला असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.